हेड ऑफिसचा पोलाइट मेल मराठीत आणताना: मान वेगळा, जोर वेगळा

प्रश्न: हेड ऑफिसवरून येणारे मेल इंग्लिशमध्ये अगदी पोलाइट असतात, पण मी मराठीत केले की एकतर हुकूम सोडल्यासारखे वाटतात नाहीतर निमंत्रणपत्रिकेसारखे. लाईनवरच्या लोकांना तेवढ्याच सभ्यतेने सांगायचं तर करा, करावे की करण्यात यावे? आणि तुम्ही की आपण?

उत्तर:

गेली सोळा वर्षं मी चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांच्या नोटिसा, परिपत्रकं, मेल मराठीत करून देतो, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझी गाडी नेमकी इथेच अडायची. नंतर लक्षात आलं की आपण शब्दाला शब्द शोधत बसतो, प्लीज आलं की कृपया, काइंडली आलं की कृपया, रिक्वेस्टेड आलं की विनंती, आणि सगळी चूक तिथेच होते. इंग्लिश मेलमधलं प्लीज एकाच वेळी दोन कामं करतं, एक म्हणजे समोरच्याला मान देतं आणि दुसरं म्हणजे सांगण्याची धार कमी करतं. मराठीत ही दोन कामं दोन वेगळ्या जागी होतात. मान कुठे दिसतो तर तुम्ही-आपण, यांनी-त्यांना, सांगेल की सांगतील यात. आणि जोर कुठे दिसतो तर क्रियापदाच्या शेपटात, म्हणजे करा, करावे, करायचे आहे, केले पाहिजे, करणे बंधनकारक आहे. त्यामुळे प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, याला मान किती आणि याला जोर किती. मान पूर्ण मेलभर एकच राहतो, जोर मात्र वाक्यावाक्याला बदलतो. एवढं धरलं की करा की करावे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आधी माझी एक चूक सांगतो. ग्राइंडिंग सेक्शनसाठी एक नोटीस आली होती, इंग्लिशमध्ये साधं होतं, प्लीज वेअर युअर सेफ्टी गॉगल्स ॲट ऑल टाइम्स. मी नवीन होतो, सभ्यता राखायची म्हणून लिहिलं, 'सर्व कामगार बंधूंनी कृपया काम करताना गॉगल वापरावेत ही नम्र विनंती.' आठवड्याने सेफ्टी ऑफिसर माझ्याकडे आले, म्हणाले अर्धे लोक घालत नाहीयेत, विचारलं तर म्हणतात साहेब विनंती आहे ना, सक्ती कुठंय. आणि ते बरोबरच वाचत होते! इंग्लिशमधलं ते प्लीज म्हणजे फक्त बोलण्याची रीत होती, खाली ऑर्डर होती, मी ती ऑर्डर काढून टाकली आणि रीत तेवढी तीनपट केली. मराठीत विनंती म्हटलं की ती विनंतीच असते, नाही म्हणायची मोकळीक त्यात आलीच. नंतर नोटीस बदलली, 'ग्राइंडिंग करताना गॉगल वापरणे बंधनकारक आहे. गॉगल खराब झाला असल्यास स्टोअरमधून लगेच बदलून घ्यावा.' यात कृपया नाही, नम्र नाही, तरी कुणाला उद्धट वाटली नाही, कारण बंधनकारक आहे हा नियम सगळ्यांना सारखा आहे, तो कुणा एकावर आवाज चढवत नाही.

आता एक मेल पूर्ण घेऊन बघू, म्हणजे नीट कळेल. वार्षिक आरोग्य तपासणीचा मेल, असा तुमच्याकडेही येत असेल. इंग्लिशमध्ये मजकूर साधारण असा होता: डिअर कलीग्ज, तपासणी सोमवार ते शनिवार आहे, यू आर काइंडली रिक्वेस्टेड टू रिपोर्ट दिलेल्या वेळेला, ओळखपत्र आणा, रक्ताची तपासणी आहे म्हणून रात्री दहानंतर खाणं टाळा पण पाणी पिता येईल, येणं जमणार नसेल तर वी वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड इन्फॉर्म युअर सुपरवायझर, तो दुसरी वेळ देईल, पेंट शॉपवाल्यांना तपासणी मँडेटरी, न केल्यास शिफ्टवर घेणं थांबवलं जाऊ शकतं, आणि शेवटी गैरसोयीबद्दल रिग्रेट.

एका मुलीने, एचआरला नवीनच लागलेली, याचं असं केलं होतं: 'प्रिय सहकारी, आपणांस नम्र विनंती करण्यात येते की आपण दिलेल्या वेळेत रिपोर्ट करावे. तुम्ही रात्री दहानंतर काही खाऊ नका. जर तुम्ही येऊ शकत नसाल तर तुम्ही तुमच्या सुपरवायझरला कळवू शकलात तर आम्ही त्याचे कौतुक करू. पेंट शॉपच्या कर्मचाऱ्यांनी कृपया तपासणी करणे बंधनकारक आहे. अन्यथा शिफ्टवर घेतले जाणार नाही याची नोंद घ्यावी.' मेहनत घेतली होती तिने, पण एकेक बघू कुठे काय झालं.

प्रिय हा शब्द घरच्या पत्रातला किंवा भाषणातला, ऑफिसच्या मेलला डिअर हा फक्त सुरुवातीचा ठोकळा आहे, त्याच्या जागी मराठीतला ठोकळा ठेवायचा, 'सर्व सहकाऱ्यांना नमस्कार'. झालं.

मग आपण आणि तुम्ही. पहिल्या वाक्यात आपणांस, दुसऱ्यात तुम्ही. वाचणाऱ्याला वाटतं वर हात जोडले आणि खाली येईपर्यंत आवाज बदलला. आपण हा शब्द तसाही जपून वापरायला लागतो कारण त्याचे दोन अर्थ आहेत, एक आदराने तुम्ही, आणि दुसरा तुम्ही-आम्ही मिळून सगळे. 'आपण याल' म्हटलं की कळतं आदराचा आहे, 'आपण येऊ' म्हटलं की कळतं सगळ्यांचा आहे, पण 'आपण वेळेवर आलं पाहिजे' किंवा 'आपण यावं' यात क्रियापद काहीच सांगत नाही, आणि नोटिशीत नेमकी हीच रूपं जास्त असतात. एका ठिकाणी नोटीस लागली होती की आपण सर्वांनी सकाळी साडेसहाला हजर राहायचे आहे, आणि लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं कामगारांनी. लोकांनी ते सगळे मिळून असं वाचलं, आणि ऑफिसचा स्टाफ नऊला आल्यावर बोर्डापाशी उभं राहून विचारलं की यातले आपण म्हणजे कोण कोण. त्यांचा रागही खराच होता. म्हणून माझा नियम सांगतो, शंभर-दोनशे लोकांना एकत्र जाणाऱ्या मेलला तुम्ही, एकट्याच्या नावाने जाणाऱ्या औपचारिक पत्राला आपण, आणि एकदा निवडलं की शेवटच्या ओळीपर्यंत तेच. तुम्ही हा आपल्याकडे पुरेसा मानाचा शब्द आहे, सासऱ्यांनाही आपण तुम्हीच म्हणतो, त्यात काही कमी पडत नाही. आणि इंग्लिशमधलं वी आलं की थांबून विचारा, यात वाचणारा धरलाय का. धरला असेल तर आपण, नसेल तर आम्ही किंवा सरळ कंपनी, व्यवस्थापन. रिग्रेट करणारे आम्ही आहोत, तिथे आपण दिलगीर आहोत लिहिलं की गैरसोय सोसणाऱ्यानेच माफी मागायची असा अर्थ होतो.

आता जोर. 'रिपोर्ट करावे' हे रूप बरोबर पकडलं होतं तिने. करावे, यावे, दाखवावे हे आपल्या नोटिशीचं खरं घरचं रूप आहे, त्यात इच्छा पण आहे, विनंती पण आहे आणि हलकीशी आज्ञा पण, त्यामुळे इंग्लिशमधल्या प्लीज किंवा काइंडलीच्या दहापैकी आठ जागी नुसतं हे रूप पुरतं, वर नम्र विनंती चढवायची गरजच पडत नाही. 'वेळेवर या' हे चूक नाही, समोरासमोर बोलताना तर तेच बरं वाटतं कारण तिथे चेहरा असतो, आवाज असतो. पण तेच बोर्डवर छापलं की कोरडं होतं. 'वेळेवर यायचं आहे' हे सुपरवायझर तोंडी सांगतो तसं, यात नाराजी नाही पण निर्णय झालेला आहे, चर्चा नाही. 'वेळेवर आलं पाहिजे' म्हटलं की त्यात थोडी कानउघाडणी येते, जणू आजवर कुणी येत नव्हतं. आणि त्याला एक च लावा, 'आलंच पाहिजे', की भांडण सुरू. हा च एवढासा आहे पण तो इंग्लिशमध्ये नसतोच, भाषांतर करताना जोर द्यायच्या नादात आपण घालतो. मस्ट आला की हात आपोआप च कडे जातो, तो तिथेच थांबवायचा.

एक छोटी गोष्ट सांगून टाकतो कारण रोज बघतो. करावे हे रूप समोरच्या वस्तूप्रमाणे बदलतं, पास दाखवावा, पावती दाखवावी, कार्ड दाखवावे, कागदपत्रे दाखवावीत. 'पावती दाखवावे' लिहिलं की वाचणारा मनात म्हणतो यांनी आपल्यासाठी नीट लिहायचे पण कष्ट घेतले नाहीत. मान तिथेही जातो.

नकाराची पण अशीच पायरी असते. 'खाऊ नका' हे समोर बोलताना, 'खाऊ नये' हे लेखी, 'खायचे नाही' म्हटलं की शाळेतल्यासारखं होतं, 'खाण्यास मनाई आहे' म्हणजे गुन्हा केल्यासारखं. रक्ताच्या तपासणीआधी खाऊ नये हे सल्ल्यासारखं आहे, त्याला नये च हवं. आणि पाण्याचं वाक्य तर तिने सोडूनच दिलं होतं, विचारलं तर म्हणाली 'पाणी पिण्याची परवानगी आहे' असं लिहिलं तर फारच वाईट वाटत होतं. तिचा कान बरोबर होता, पण वाक्य गाळायचं नाही, आपल्याकडे त्यासाठी 'पाणी प्यायला हरकत नाही' आहे, 'पाणी चालेल' आहे. परवानगी हा शब्द गेट पासला, सुट्टीला ठीक, माणसाच्या पाणी पिण्याला नको.

मग ते कौतुक करू. वी वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड ही इंग्लिशमधली लांबलचक पायवाट आहे, साधं सांगायचं असतं की आधी सांगा. मराठीत 'तुम्ही कळवू शकाल का', 'कळवू शकलात तर' हे शब्दशः केलं की तुमच्यात तेवढी क्षमता आहे का असा प्रश्न उरतो. आपल्याकडे हा मऊपणा दुसऱ्या मार्गाने येतो, आधी अडचण समजून घेतल्याचं दाखवायचं आणि मग सांगायचं: 'दिलेल्या वेळी येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी सुपरवायझरना सांगावे.' जमणार नसेल या शब्दात मऊपणा आलाच. 'येऊ शकत नसाल' मध्ये माणूस कमी पडतो, 'जमणार नसेल' मध्ये फक्त काम जमत नाही, माणसाकडे बोट जात नाही.

आणि इथे बघा, मी सुपरवायझरना लिहिलं, सुपरवायझरला नाही. भाषांतरात मान सगळ्यात जास्त इथे सांडतो, ज्याला मेल लिहिलाय त्याच्याबाबतीत आपण सावध असतो पण ज्याचा उल्लेख येतो त्याच्याबाबतीत नाही, कारण इंग्लिशमधला ही साहेबालाही चालतो आणि ड्रायव्हरलाही. एका व्हिजिटच्या सूचनेत मी स्वतः वाचलंय, प्लांट हेड साडेदहाला 'येतील', ड्रायव्हर गाडी गेटपाशी 'लावेल', हाऊसकीपिंगची बाई पॅसेज 'साफ करेल'. इंग्लिशमध्ये तिघांनाही विल होतं, एकसारखं. मराठी करणाऱ्याने नकळत तिघांची उतरंड लावली आणि ती सूचना त्या ड्रायव्हरने आणि त्या बाईंनीही वाचली. मला ते आजही खुपतं. मेलमध्ये जितक्या माणसांचा उल्लेख आहे त्या सगळ्यांना अनेकवचन, येतील, लावतील, करतील, पवार यांनी, शिंदे यांच्याकडे. पवारने, शिंदेला असं ऑफिसच्या कागदावर नकोच.

शेवटची दोन वाक्यं, पेंट शॉपची. 'कर्मचाऱ्यांनी कृपया तपासणी करणे बंधनकारक आहे' यात कृपया आणि बंधनकारक एका वाक्यात आलेत, दोघांची तोंडं दोन दिशांना. जिथे सक्ती आहे तिथे कृपया काढायचं, सरळ नियम सांगायचा, त्यातच सभ्यता आहे. एका मेलला एक कृपया पुरे, तेही जिथे खरंच माणसाने काही करायचंय तिथे. आणि खरी गडबड अन्यथा पासून पुढे आहे. इंग्लिशमध्ये मे होतं, म्हणजे थांबवलं जाऊ शकतं. तिने लिहिलं घेतले जाणार नाही, म्हणजे ठरलंच. वर याची नोंद घ्यावी. हेड ऑफिसने न दिलेली धमकी भाषांतरात तयार झाली, आणि पेंट शॉपचं युनियन उद्या हाच कागद हातात घेऊन विचारणार. ते विचारतील कारण त्यांच्यासाठी कागद मराठीचाच आहे. 1948 च्या कारखाना कायद्यातच, कलम 108 मध्ये, कायद्याने लावायच्या नोटिसा इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावायला सांगितलं होतं, आणि स्टँडिंग ऑर्डर्सच्या 1946 च्या कायद्यात कलम 9 मध्येही तसंच होतं. म्हणजे मराठी प्रत हा सोयीचा सारांश नाही, शॉपफ्लोअरवर तीच वाचली जाते. मे ला शकते, विल ला ईल, शॅल ला बंधनकारक, हे तीन मी कधी एकमेकांत मिसळू देत नाही. 'याची नोंद घ्यावी' ही शेपटी कारवाईच्या वाक्याला लागली की दम दिल्यासारखी वाचली जाते, तारीख बदलली, बस थांबा बदलला अशा साध्या माहितीला ती चालते.

आम्ही बसून शेवटी जो मेल केला तो असा:

'सर्व सहकाऱ्यांना नमस्कार. वार्षिक आरोग्य तपासणी येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंत फर्स्ट एड रूममध्ये होणार आहे. तुमचा दिवस आणि वेळ सोबतच्या यादीत आहे. कृपया त्या वेळी ओळखपत्र घेऊन यावे. रक्ताची तपासणी उपाशीपोटी होणार असल्याने आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ नये. पाणी प्यायला हरकत नाही. दिलेल्या वेळी येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी सुपरवायझरना सांगावे, ते दुसरी वेळ देतील. पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्या सर्वांसाठी ही तपासणी बंधनकारक आहे. तपासणी न केल्यास शिफ्टवर घेणे थांबवले जाऊ शकते. यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

एक कृपया, विनंती एकही नाही, तुम्ही फक्त एकदाच आणि तेही तुमचा म्हणून. करण्यात येते तर नाहीच. तुम्ही विचारलंय म्हणून त्याबद्दल, करण्यात यावे हे रूप सरकारी परिपत्रकातून आपल्या हाताला बसलंय. त्यात करणारा दिसत नाही, म्हणून ते कधी कधी सोयीचं असतं, 'कॅन्टीनची वेळ बदलण्यात आली आहे' हे चालतं. पण कामगाराने स्वतः करायच्या गोष्टीला ते वापरलं, 'ओळखपत्र आणण्यात यावे', की कुणी आणायचं हेच कळत नाही आणि वर सभ्यता पण वाढत नाही, फक्त अंतर वाढतं. मेलभर मिळून एखाद-दुसरं ठीक. आणि 'व्यवस्थापनाद्वारे निर्णय घेतला गेला आहे' हे तर नकोच, 'व्यवस्थापनाने ठरवले आहे' म्हणावं, नाहीतर 'असे ठरले आहे'. यातही फरक आहे हां, ठरले आहे मध्ये कुणी ठरवलं ते झाकलं जातं, त्यामुळे सणाच्या सुट्टीला ते छान वाटतं पण ओव्हरटाइम बंद करताना लोकांना नाव हवं असतं, तिथे ठरवले आहे लिहिणंच प्रामाणिक.

हाच मेल लाईनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असेल तर रूपं बोलीतली करा, यावं, खाऊ नये, सांगावं, घेणं. मान आणि जोर तोच राहतो, फक्त कपडे बदलतात. एका मेलमध्ये यावे आणि यावं दोन्ही मात्र नको, बोर्डला एक, ग्रुपला एक.

एकट्याच्या नावाने जाणारं पत्र वेगळं, आणि तिथे सगळ्यात जास्त घसरतो आपण, खास करून पत्र कारवाईचं असेल तर. इंग्लिश शोकॉजमध्ये डिअर मिस्टर अमुक म्हणून सुरुवात असते आणि खालपर्यंत यू असतो, यू ला राग येत नाही. मराठीत 'कारणे दाखवा' पत्र लिहिताना वर श्री. असतं, आपणांस असतं आणि आरोपाच्या परिच्छेदात आलं की 'तुम्ही गैरहजर होता', त्याखाली 'सदर कामगाराने उद्धट वर्तन केले'. आरोप लिहिताना लिहिणाऱ्याचा मान देण्याचा हात आखडतो. तिथेही 'आपण दिनांक अमुक रोजी विनापरवानगी गैरहजर राहिलात' आणि 'याबाबत आपला लेखी खुलासा 48 तासांच्या आत सादर करावा' एवढंच. आरोप अजून सिद्ध झालेला नसतो, आणि झाला तरी मान काढून घेण्याची शिक्षा कुठल्याही स्टँडिंग ऑर्डरमध्ये नाही. पन्नाशीच्या माणसाला पंचविशीतल्या एचआरने नुसतं 'सुनील,' म्हणून मराठी मेल लिहिणं हेही तसंच, इंग्लिशमध्ये हाय सुनील चालून जातं, मराठीत श्री. आणि आडनाव, किंवा रोजची ओळख असेल तर लोक ज्या नावाने हाक मारतात ते, दादा, काका, ताई लावून.

पाठवण्याआधी मी एक करतो, ते तुम्हीही करून बघा. इंग्लिश मेल न बघितलेल्या एखाद्या लाईन लीडरला मराठी मजकूर मोठ्याने वाचायला सांगायचा, मनात नाही, मोठ्याने, कारण जोर कानाला कळतो. मग विचारायचं, यातलं काय केलंच पाहिजे, काय तुमच्या सोयीने आहे, आणि नाही केलं तर काय होईल. तिन्ही उत्तरं इंग्लिशशी जुळली तर मजकूर बरोबर. त्या तपासणीच्या मेलला तिन्ही जुळली, फक्त वाचून झाल्यावर तो लीडर म्हणाला, आमच्याकडे दोघं-तिघं शुगरची गोळी घेतात, त्यांनी उपाशी राहून गोळी घ्यायची का नाही. ते मूळ मेलमध्येच नव्हतं. आपल्या मनाने घालायची गोष्ट नाही ती, म्हणून आम्ही मेल बोर्डवर लावायचा थांबवला आणि हेड ऑफिसच्या डॉक्टरांना फोन लावला.